शेवटचं नीट कधी बोलले?

लकव्याचा रुग्ण तातडीच्या विभागात आला की स्ट्रेचर आत ढकलता ढकलताच आम्ही नातेवाइकांना पहिला प्रश्न विचारतो : "यांना शेवटचं नीट बोलताना, नीट हालचाल करताना कोणी पाहिलं, आणि किती वाजता?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "आत्ताच, पाऊण तास झाला असेल." थोडं खोदून विचारलं की कळतं, पाऊण तासापूर्वी त्यांना पडलेलं पाहिलं. त्याआधी ते कधी ठीक होते, हे कोणालाच नक्की ठाऊक नसतं. आमचं घड्याळ मात्र पडलेलं पाहिल्यापासून धरता येत नाही. ते शेवटचं ठीक दिसल्यापासून धरावं लागतं. रात्री १० वाजता जेवून झोपलेला माणूस सकाळी ६ वाजता तोंड वाकडं घेऊन उठला, तर हिशोबात त्याला आठ तास झालेले असतात, प्रत्यक्षात कदाचित अर्धाच तास झाला असला तरीही.

लकव्याच्या औषधाची सगळी मदार या एका आकड्यावर आहे. एका रुग्णाच्या सकाळचा हिशोब इथे मांडतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

६२ वर्षांचे गृहस्थ, घरी दोन म्हशी, गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून ४० किलोमीटरवर. सकाळी गोठ्यात धार काढताना उजव्या हातातली बादली सुटली. आवाज ऐकून बायको गेली तर हे भिंतीला टेकून बसलेले, तोंडाची उजवी बाजू ओघळलेली. नाव विचारलं तर नुसते बघत राहिले. घड्याळात तेव्हा ६.४० झाले होते. शेजारचे लोक जमले, "अंगावरून वारं गेलं" म्हणाले. एकाने तेल गरम करायला घेतलं, दुसऱ्याने चहा पाजायचा प्रयत्न केला आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

चहा पाजणं ही पहिली चूक, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरात होते. मेंदूच्या ज्या भागाने हात लुळा पडतो त्याच्याच आसपासच्या भागाकडे गिळण्याचं नियंत्रण असतं. घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया होतो. लकव्यानंतर दगावणाऱ्यांत या न्यूमोनियाने जाणारे बरेच असतात. म्हणून पाणी, चहा, साखर, गोळी, तोंडाने काहीही नाही. तोंडात आलेली लाळ किंवा उलटी बाहेर पडावी म्हणून एका कुशीवर झोपवायचं, एवढंच.

गावातले डॉक्टर ७ वाजता आले. रक्तदाब १९० च्या वर होता. अशा वेळी निफेडिपिनची कॅप्सूल जिभेखाली फोडून द्यायची जुनी सवय बऱ्याच ठिकाणी अजून टिकून आहे. या डॉक्टरांनी ती दिली नाही आणि त्यांनी केलेलं हे फार मोठं काम होतं. रक्तवाहिनी बंद पडते तेव्हा शरीर मुद्दाम दाब वाढवतं, जेणेकरून आजूबाजूच्या बारीक वाटांनी थोडं तरी रक्त पुढे ढकललं जावं. तो दाब एकदम खाली आणला की अर्धपोटी असलेला भाग पूर्ण उपाशी पडतो. ॲस्पिरिनचंही तसंच. छातीत दुखलं की ॲस्पिरिन चघळायला सांगतात, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, म्हणून लकव्यालाही दिली जाते. पण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनआधी कोणालाच ठाऊक नसतं, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन म्हणजे आगीत तेल.

डॉक्टरांनी १०८ ला फोन केला आणि दुसरा फोन आमच्याकडे. "उजवी बाजू गेली आहे, बोलणं बंद आहे, साखर १३०, सीटी चालू आहे का?" हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा. जवळच्या तालुक्याच्या गावी चांगला दवाखाना होता, पण तिथे सीटी नव्हतं. तिथे नेलं असतं तर सलाईन लागलं असतं, कागदपत्रं झाली असती आणि दोन तासांनी "पुढे घेऊन जा" असं सांगितलं गेलं असतं. लकव्यासाठी जवळचं रुग्णालय म्हणजे चोवीस तास सीटी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ठेवणारं सगळ्यात जवळचं रुग्णालय. आपल्या गावापासून ते कुठे आहे, हे आजच विचारून ठेवण्यासारखं आहे. रुग्ण अंगणात झोपवलेला असताना ते शोधत बसायला वेळ नसतो.

इतका उशीर लोक का करतात, याचं आम्हाला पटलेलं कारण एकच : दुखत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात छाती आवळते, माणूस घाबरतो, धावत सुटतो. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. गुठळीने वाहिनी बंद पडली तर बहुतेकांना काहीच दुखत नाही. हात जड वाटतो, जीभ अडखळते, आणि घरचे म्हणतात, "थकलेत, पडू द्या थोडा वेळ." रुग्ण स्वतःही सांगत नाही. मेंदूची डावी बाजू गेली तर बोलणंच जातं. उजवी बाजू गेली तर त्याहून विचित्र प्रकार होतो : डावा हात लुळा लोंबत असतो आणि माणूस ठामपणे सांगतो, "मला काही झालेलं नाही." तो खोटं बोलत नसतो. शरीराच्या डाव्या बाजूची जाणीव ठेवणारा भागच बंद पडलेला असतो. त्याच्या म्हणण्यावर विसंबून घरी थांबलेली कितीतरी कुटुंबं आम्ही पाहिली आहेत.

म्हणून रुग्णाला "कसं वाटतंय?" विचारून उपयोग नाही, त्याच्याकडून काहीतरी करून घ्यायचं. दात दाखवायला सांगायचे : एक बाजू खाली राहते का? दोन्ही हात समोर उचलून डोळे मिटून दहा सेकंद धरायला सांगायचं : एक हात हळूहळू खाली सरकतो का? एखादं साधं वाक्य म्हणायला लावायचं, "आज आभाळ स्वच्छ आहे" असं काहीही : शब्द घोटाळतात का, भलतेच येतात का? तिघांपैकी एक जरी अचानक बिघडलेलं असेल तरी निघायचं. यातला 'अचानक' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. महिनाभर हळूहळू वाढलेली हाताची मुंगी वेगळी, आणि चहाचा कप उचलताना एका क्षणात गेलेला हात वेगळा.

मेंदूच्या मागच्या भागातला झटका या तीन चाचण्यांत बऱ्याचदा सापडत नाही. त्यात चेहरा सरळ असतो, हात नीट असतात, पण माणसाला अचानक उभंच राहता येत नाही, एकाचे दोन दिसतात, किंवा दोन्ही डोळ्यांना समोरची एकच बाजू दिसेनाशी होते. सोबत उलट्या होतात, म्हणून 'पित्त झालंय' किंवा 'चक्कर येतेय' म्हणून गोळी दिली जाते. आम्ही एक साधी गोष्ट बघतो : चक्कर येणाऱ्या माणसाला आधाराशिवाय बसता येतं का, चार पावलं टाकता येतात का? अजिबात येत नसेल तर ती कानाची चक्कर समजून घरी ठेवत नाही.

आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तर? लोकांना हायसं वाटतं आणि ते शेतावर निघून जातात. गुठळी अडकली आणि आपोआप सुटली, एवढाच त्याचा अर्थ. पुढचा मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी तपासणी हवी.

आमचे रुग्ण ८.३१ ला दारात आले. वाटेत ॲम्ब्युलन्समधून फोन होता, त्यामुळे सीटीचं टेबल रिकामं ठेवलेलं होतं. मुलाला वेळ विचारली. "पावणेसात." ती सापडल्याची वेळ. "त्याआधी कोणाशी बोलले होते?" तो विचारात पडला आणि मग त्याने वडिलांचा मोबाईल काढला. ६.२२ ला ते डेअरीवाल्याशी दोन मिनिटं बोलले होते. आम्ही त्या डेअरीवाल्याला तिथूनच फोन लावला. "हो, नेहमीसारखेच बोलले, आज दूध उशिरा आणतो म्हणाले." आमची वेळ ठरली : ६.२२. दोन तास नऊ मिनिटं गेली होती. मोबाईलमधली कॉलची नोंद, टीव्हीवर चालू असलेली मालिका, दारातून गेलेली एसटी, अशा खुणांवर ही वेळ पकडावी लागते. ती पकडता आली नाही तर नुसत्या साध्या सीटीच्या भरवशावर इंजेक्शन देता येत नाही, पुढे एमआरआय करून नुकसान ताजं आहे का ते पाहावं लागतं, आणि ती सोय सगळीकडे नसते.

दारातच बोटातून साखर तपासली : १४२. ही तपासणी सगळ्यात आधी, कारण मधुमेहाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहिलेल्या माणसाची साखर ४५ पर्यंत खाली आली की तो हुबेहूब लकव्यासारखा दिसतो. शिरेतून ग्लुकोज दिलं की काही मिनिटांत हात उचलतो. दोन्ही हातांना सुया लावल्या, रक्त पाठवलं, रुग्णाचं वजन केलं. चेहरा, हात, पाय, बोलणं, नजर या सगळ्यांना गुण देऊन झटक्याची तीव्रता मोजायची एक पट्टी आहे, एनआयएचएसएस नावाची, ० ते ४२ ची. यांचा आकडा आला १४, म्हणजे झटका मध्यम. मध्ये कुठेही थांबायचं नाही हा आमचा नियम आहे. ॲम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरवरून थेट सीटीच्या टेबलावर.

लकव्याचे दोन प्रकार इथे, या टेबलावर वेगळे होतात. मेंदूची वाहिनी गुठळीने बंद पडते तो इस्केमिक, आणि वाहिनी फुटून मेंदूत रक्त साठतं तो हेमरेजिक. साधारण दहातले आठ झटके पहिल्या प्रकारचे असतात, पण आपल्याकडे न सांभाळलेल्या रक्तदाबामुळे दुसऱ्याचं प्रमाणही कमी नाही. बाहेरून पाहून काही अंदाज बांधता येतो. सुरुवातीलाच भयंकर डोकेदुखी, उलट्या, भराभर गुंगी येत जाणं, २२० च्या वर गेलेला दाब, हे रक्तस्रावाकडे बोट दाखवतात. 'आयुष्यात कधी असं दुखलं नाही' अशी क्षणात उसळलेली डोकेदुखी मेंदूच्या आवरणाखाली फुटलेल्या, रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याची असू शकते. पण हे सगळे अंदाजच. कितीही अनुभव असला तरी फक्त हात पाहून गुठळी की रक्तस्राव हे सांगता येत नाही. एकाचं औषध दुसऱ्याला मारक आहे, म्हणून अंदाजावर काम भागत नाही.

सीटीवर ताजं रक्त पांढरं दिसतं, कवटीच्या हाडापेक्षा जरा फिकं. नजरेतून सुटत नाही. गुठळीचा लकवा मात्र पहिल्या काही तासांत सीटीवर बहुतेक वेळा दिसतच नाही. मेंदू मरू लागलेला असतो, पण चित्र अजून बदललेलं नसतं. इथे एक गैरसमज फार नुकसान करतो. बाहेर बसलेल्या मुलाला कोणीतरी सांगतं, "सीटी नॉर्मल आलं," आणि तो रुग्णाला घरी न्यायची तयारी करतो. लुळ्या पडलेल्या माणसाचं सीटी स्वच्छ आलं, तर त्याचा अर्थ 'रक्तस्राव नाही, इंजेक्शन देता येईल, आणि अजून वाचवण्यासारखं बरंच शिल्लक आहे' असा होतो. सकाळी स्वच्छ असलेल्या त्याच जागी दुसऱ्या दिवशीच्या सीटीवर मोठा काळा डाग दिसतो.

त्या डागाच्या आधी आत जे चालतं ते असं. वाहिनी जिथे बंद पडली त्याच्या अगदी मधल्या भागाला काहीच रक्त मिळत नाही, तो काही मिनिटांत मरतो. त्याच्या भोवतीच्या भागाला शेजारच्या वाहिन्यांतून झिरपून थोडं रक्त मिळत राहतं. एवढ्याने पेशी काम करत नाहीत, म्हणून हात हलत नाही, पण त्या जिवंत असतात. त्यांना पूर्ण रक्त परत मिळालं तर त्या पुन्हा कामाला लागतात. मेलेला गाभा मात्र दर मिनिटाला या अर्धपोटी भागात पसरत जातो. मोठी वाहिनी बंद असेल तर मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी जातात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला. कोणाचा भाग लवकर संपतो, कोणाचा सावकाश, ते शेजारच्या वाहिन्या किती चांगल्या आहेत त्यावर अवलंबून. इंजेक्शन मेलेलं जिवंत करत नाही, ते या अर्धपोटी भागासाठी असतं.

८.५२ ला सीटी पाहून झालं : रक्तस्राव नाही. लगेच शिरेत रंग सोडून वाहिन्यांचं चित्रही घेतलं. डाव्या बाजूची मुख्य वाहिनी सुरुवातीलाच बंद होती. तोवर बाहेर बायकोला आमच्यातला एक जण विचारत होता : रक्त पातळ करणारी कुठली गोळी चालू आहे का? गेल्या तीन महिन्यांत डोक्याला मार, नुकतं मोठं ऑपरेशन, पोटातून रक्तस्राव, पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव? काकूंनी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून टेबलावर ओतली. फक्त दाबाची एकच गोळी होती, तीही दोन आठवड्यांपासून बंद. "बरं वाटत होतं म्हणून घेतली नाही." त्या पिशवीने आमची दहा मिनिटं वाचवली. नावं आठवत बसण्यापेक्षा घरातली सगळी पाकिटं उचलून आणावीत.

आता दाब अडवत होता. १९६ वर १०४. इंजेक्शनच्या आधी तो १८५ वर ११० च्या खाली असावा लागतो, नाहीतर विरघळलेल्या गुठळीच्या जागी रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दमा नाही, नाडी मंद नाही हे पाहून लॅबेटॅलॉल १० मिलिग्रॅम शिरेतून दोन मिनिटांत सावकाश दिलं. दाब १७८ वर ९६ झाला. गावात कॅप्सूलने कुठल्या कुठे पाडलेला दाब आणि इथे मोजून उतरवलेला दाब, यात हा फरक आहे.

मुलाला आम्ही सांगितलं ते आकडे गोल करून सांगितले, पण खरे सांगितले. हे औषध तीन तासांच्या आत दिलेल्या शंभर रुग्णांत, न दिलेल्यांच्या तुलनेत, साधारण दहा जण जास्त जवळपास पूर्ववत होतात. तीन ते साडेचार तासांत दिलं तर असे जास्तीचे पाचच उरतात. शंभरातल्या साधारण सहा जणांना औषधामुळे मेंदूत त्रासदायक रक्तस्राव होतो आणि त्यातले काही दगावतात. १९९५ च्या ज्या मूळ अभ्यासावरून हे औषध आलं, त्यात तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा औषध घेतलेल्यांत मृत्यू जास्त आढळले नव्हते. तीन तासांची हद्द २००८ च्या अभ्यासाने साडेचार तासांवर नेली. पण साडेचार तासांचा अर्थ 'तोवर चालेल' असा घ्यायचा नाही. आपला फायदा पहिल्या मिनिटापासून कमी होत असतो, साडेचार तासांना तो धोक्याच्या बरोबरीला येऊ लागतो. मुलगा म्हणाला, "काकांना विचारतो." आम्ही म्हटलं, "विचारा, पण फोन इथेच लावा." चार मिनिटांत सही झाली.

औषध अल्टेप्लेस. किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. मुलाने वजन ७५ सांगितलं होतं, काट्यावर भरलं ६८. अंदाजाने गेलो असतो तर सहा मिलिग्रॅमहून जास्त औषध अंगात गेलं असतं, म्हणून वजन करतोच. ६८ गुणिले ०.९ म्हणजे ६१.२ मिलिग्रॅम. ५० ची एक आणि २० ची एक बाटली, सोबत येणारं निर्जंतुक पाणी घालून. बाटली हलवायची नाही, तळहातात फिरवायची, नाहीतर फेस होतो आणि माप चुकतं. एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम पडतं. ७० मधलं जास्तीचं ८.८ मिलि आधीच काढून फेकायचं, म्हणजे घाईत पूर्ण बाटली जाण्याची चूक होत नाही. दहावा भाग, ६.१ मिलि, एका मिनिटात शिरेतून. उरलेलं ५५.१ मिलि पंपावर एका तासात. पहिला डोस गेला तेव्हा ९.०६ झाले होते. दारापासून सुईपर्यंत ३५ मिनिटं, आजार सुरू झाल्यापासून दोन तास चव्वेचाळीस मिनिटं.

पंप 'संपलं' म्हणून वाजतो तेव्हाही औषध संपलेलं नसतं, ही गोष्ट नवीन माणसाच्या हमखास निसटते. लांब नळीत १५-२० मिलि अडकून राहतं, म्हणजे यांच्या डोसचा चांगला चौथा भाग. म्हणून शेवटी त्याच गतीने सलाईन चालवून नळी रिकामी करायची. त्याच सुईतून दुसरं काही द्यायचं नाही, डेक्स्ट्रोज तर मुळीच नाही. आता बऱ्याच ठिकाणी टेनेक्टेप्लेस वापरतात, ते एकाच झटक्यात शिरेतून देता येतं आणि हा नळीचा प्रश्नच राहत नाही.

औषध चालू असताना एक नर्स पलंगाशेजारून हलत नाही. पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी दाब, मग सहा तास दर अर्ध्या तासाने, मग चोवीस तासांपर्यंत दर तासाला, आणि तो १८० वर १०५ च्या खाली ठेवायचा. अचानक डोकं दुखू लागलं, उलटी झाली, दाब उसळला किंवा हात आधीपेक्षा खराब झाला, तर पंप तिथल्या तिथे बंद आणि पुन्हा सीटी. काहींची जीभ आणि ओठ सुजतात. दाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल घेणाऱ्यांत हे जास्त दिसतं, आणि श्वास अडकण्याआधी पकडावं लागतं.

यांची बंद वाहिनी मोठी होती. अशी लांब गुठळी नुसत्या इंजेक्शनने बऱ्याचदा सुटत नाही. ती मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन ओढून काढावी लागते. २०१५ साली एकापाठोपाठ आलेल्या पाच अभ्यासांनी ही पद्धत पक्की केली. साधारणपणे सहा तासांच्या आत, आणि निवडक रुग्णांत, अर्धपोटी भाग अजून शिल्लक आहे हे स्कॅनवर दिसलं तर चोवीस तासांपर्यंतही. ती सोय आमच्याकडे नाही. म्हणून ९.०६ ला औषध सुरू झाल्या झाल्या पुण्याच्या केंद्राशी बोलणं झालं, ९.२५ ला पंपासकट ॲम्ब्युलन्स निघाली. तिथे ११.५० ला गुठळी काढून झाली.

रक्तस्रावाच्या बाबतीत घाई वेगळ्या कारणाने असते. त्याच आठवड्यात ५४ वर्षांच्या एक बाई आल्या : तीच उजवी बाजू, तेच बंद पडलेलं बोलणं. दाब मात्र २२४ वर १२०, आणि आल्याबरोबर उलटी. घरच्यांनी ॲस्पिरिन दिली होती. सीटीवर डाव्या बाजूला आत खोल पांढरा गोळा, ४ सेंटिमीटर लांब, ३ रुंद, ५ उंच. तिन्ही मापं गुणून निम्मी केली की आकारमान मिळतं : ३० मिलि. वर्षानुवर्षं चढलेल्या दाबाने मेंदूच्या खोल भागातल्या केसासारख्या वाहिन्या झिजतात, आणि एक फुटते. लोकांना वाटतं, रक्तस्राव झाला म्हणजे झाला, आता घाई कसली? पण तो बऱ्याच जणांत पहिले काही तास वाढतच असतो. कवटी बंद डबा आहे, त्यामुळे रक्त जेवढं वाढेल तेवढा बाकीचा मेंदू दाबला जातो.

म्हणून गुठळीत ज्या दाबाला आपण जपतो, त्याच दाबाला इथे तासाभरात १४० च्या आसपास आणतो, पंपावर औषध लावून, दर पाच मिनिटांनी मोजत. १३० च्या खाली जाऊ देत नाही. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन चालू असेल तर व्हिटॅमिन के आणि रक्त गोठवणारे घटक ताबडतोब. ताप आणि साखर आटोक्यात. खोल भागातल्या बहुतेक रक्तस्रावांना ऑपरेशनने फारसा लाभ होत नाही, पण लहान मेंदूत तीन सेंटिमीटरहून मोठा गोळा असेल तर न्यूरोसर्जनना त्याच क्षणी बोलवावं लागतं, कारण श्वासाचं केंद्र त्याला खेटून असतं. या बाईंचं सहा तासांनी पुन्हा सीटी केलं : ३३ मिलि. वाढ जवळपास थांबली होती. बोलणं परत यायला महिने लागणार होते, पण त्या शुद्धीवर होत्या.

गोठ्यातले काका पाचव्या दिवशी पुण्याहून आमच्याकडे परत आले. चोवीस तासांनंतरच्या सीटीवर रक्तस्राव नाही हे पाहूनच तिथे ॲस्पिरिन सुरू झाली होती, त्याआधी नाही. चमच्याने पाणी देऊन गिळण्याची तपासणी झाली होती. उजवा हात खांद्यापर्यंत उचलत होते, बोटं अजून अडखळत होती. शब्द सापडायला वेळ लागत होता, पण "दूध कोण घालतंय?" हे त्यांनी स्पष्ट विचारलं.

झटक्याचं मूळ हृदयाच्या तपासणीत सापडलं : ठोके अनियमित होते, त्यामुळे हृदयात रक्त साकळून गुठळी वर गेली होती. त्यावरचा उपाय म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, एपिक्साबान, दिवसातून दोनदा, वेळ न चुकवता. म्हणजे 'रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का?' या तातडीच्या विभागातल्या प्रश्नाला यापुढे त्यांचं उत्तर 'हो' असणार. गेल्या ४८ तासांत ही गोळी घेतलेली असेल तर गुठळीचं इंजेक्शन सहसा देता येत नाही, थेट गुठळी काढण्याच्या केंद्रात न्यावं लागतं. काकूंनी एका कागदावर गोळीचं नाव, सकाळ-संध्याकाळची वेळ आणि त्या केंद्राचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून घेतला, आणि काकांच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवला.